सरासरी आयुष्य ७० आणि मी ६० चा, म्हणजे माझी १० च वर्षं उरली का?

"ताई, गेल्या महिन्यात मला ६० पूर्ण झाली. प्रायव्हेट कंपनीत होतो, त्यामुळे पेन्शन म्हणावं असं काही नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि साठवलेले मिळून ६० लाख आहेत, त्यातले १५ लाख मुलाच्या फ्लॅटसाठी देणार आहे. भारतात सरासरी आयुष्य ७० आहे असं सगळीकडे वाचतो, माझे वडीलही १९८९ साली ६६ व्या वर्षी हार्टअटॅकने गेले, म्हणजे माझ्याकडे फार तर १० वर्षं आहेत. उरलेल्या ४५ लाखांतून महिन्याला ५० हजार काढून ती १० वर्षं नीट जगावं असं ठरवलंय. बायको ५५ ची आहे, ती म्हणते एवढा खर्च नको. मित्र म्हणतो पूर्वीची माणसं ९० पर्यंत जगायची, आता कोण जगतंय एवढं. माझा हिशेब कुठे चुकतोय का?"
(एक वाचक, नाशिक)

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा माझे सासरे आठवले. ते १९९४ साली ५८ व्या वर्षी रिटायर झाले. तेव्हा भारताचं सरासरी आयुर्मान ६० च्या आसपास होतं आणि ते त्यांनी पेपरात वाचलेलं, त्यामुळे त्यांची पक्की समजूत झाली की आपण आता काठावर आलो, यापुढचं मिळेल ते वरचं. त्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही होती, त्यात त्यांनी दर वर्षाला एक पान असं आखून घेतलं होतं, वर साल, खाली किती काढायचे, किती उरतील. तुमच्यासारखीच १० वर्षं धरलेली. २००४ च्या पानावर शिल्लक शून्य लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली आहे. ते गेले २०१८ मध्ये, ८२ व्या वर्षी. रेघेनंतरची १४ वर्षं त्या वहीत नाहीत, ती आम्ही सगळ्यांनी मिळून निभावली आणि त्याचं आम्हाला काही ओझं वाटलं नाही, पण त्यांना मात्र औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला हात पसरतोय असं वाटायचं आणि ते बघवत नसे. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहितेय. माझी नोकरी आयुर्विम्यातच गेली, हीच टेबलं बघण्यात वर्षं गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

तुम्ही वाचलेला ७० चा आकडा खोटा नाही. एसआरएस म्हणजे सरकारची नमुना नोंदणी पद्धत, तिच्या २०१६ ते २०२० च्या तक्त्यात भारताचं आयुर्मान ७० आहे आणि महाराष्ट्राचं ७२ च्या वर. पण त्या आकड्याचं पूर्ण नाव आहे 'जन्मावेळचं सरासरी आयुर्मान', आणि पेपरात बातमी येते तेव्हा 'जन्मावेळचं' हा शब्द बहुतेक वेळा गळून जातो. तो आकडा आज जन्मलेल्या बाळाचा आहे. तुमचा नाही. त्याच तक्त्यात खाली ६० वर्षांच्या माणसासाठी वेगळी ओळ असते, आणि तिथे उरलेली वर्षं साधारण १८ लिहिलेली आहेत, पुरुषांची साडेसतराच्या आसपास आणि बायकांची १९ च्या आसपास. म्हणजे ६० पर्यंत पोचलेला पुरुष सरासरीने ७७-७८ पर्यंत जातो, ७० पर्यंत नाही.

आता हे दोन आकडे एकाच तक्त्यात, एकाच देशातले, मग एवढा फरक का, हे एकदा नीट कळलं की पुढचा हिशेब तुम्ही स्वतःच कराल, म्हणून एक छोटं उदाहरण घेऊया. खरा तक्ता लाखभर बाळांवर मांडतात, आपण दहाच घेऊ, कागद पेन घेऊन बसा.

एकाच दिवशी दहा बाळं जन्मली. त्यातलं एक जण २० व्या वर्षी गेलं, समजा बाईक अपघातात. एक ५२ व्या वर्षी. बाकीची आठ साठीच्या पुढे गेली आणि ६३, ६९, ७४, ७८, ८१, ८४, ८८ आणि ९१ अशा वयांना गेली. दहाही जणांची वयं मिळवा, बेरीज बरोबर ७०० येते, भागिले १०, आलं ७०. हेच ते जन्मावेळचं आयुर्मान, पेपरवालं.

आता बघा, यात ७० व्या वर्षी कोण गेलं? कोणीच नाही. ७० हे कुणाच्याही मरणाचं वय नाही, ते वीसवाल्याचे आणि बावन्नवाल्याचे आकडे आठ जणांच्या आकड्यांत मिसळून निघालेलं मधलं माप आहे.

आणि आता खरी गंमत. ह्या दहा जणांनी साठीनंतर एकूण किती वर्षं काढली ते मोजा. ६३ वाल्याने ३, ६९ वाल्याने ९, ७४ वाल्याने १४, असं करत करत ९१ वाल्याने ३१, सगळं मिळून १४८ वर्षं. जन्मावेळचा हिशेब करणारा ही १४८ वर्षं दहा जणांत वाटतो, कारण त्याच्या दृष्टीने दहाही बाळं अजून पाळण्यात आहेत, कोण साठीला पोचणार ते त्याला माहीत नाही. म्हणून त्याच्या वाट्याला साठीनंतरची माणशी १४.८ वर्षं येतात. (साठीच्या आतली माणशी ५५.२ येतात, दोन्ही मिळून ७०.) पण साठीला उभा असलेला माणूस तीच १४८ वर्षं आठ जणांत वाटतो, कारण दोघे आधीच गेलेले आहेत आणि त्यांच्या वाट्याला साठीनंतरचं काही येणारच नाही. १४८ भागिले ८, साडेअठरा. वर्षं तीच, वाटेकरी कमी. भाऊ, ह्या दोन आकड्यांतला सगळा फरक एवढ्यात आहे.

तुम्ही जे केलंत ते असं झालं की ७० तून ६० वजा केले. ही वजाबाकी करताना नकळत तुम्ही त्या वीसवाल्याचं आणि बावन्नवाल्याचं मरण स्वतःच्या पुढच्या आयुष्यातून कापून घेतलंत, ते तुम्हाला आता लागू होऊच शकत नाही, तुम्ही ५२ ही ओलांडलीत आणि २० ही. आणि ही वजाबाकी पुढे चालवून बघितली तर ती आपोआप मोडते. ७० वर्षांच्या माणसाचं काय, त्याचं शून्य उरलं? ७५ च्या बाईंचं उणे पाच? आपल्या दहातले सहा जण सत्तरी ओलांडतात आणि त्यांना सरासरी आणखी साडेबारापेक्षा थोडी जास्त वर्षं मिळतात, देशाच्या तक्त्यात ७० ला हा आकडा १२ च्या थोडा आत आहे. म्हणजे जसजसं वय वाढतं तसतशी उरलेली वर्षं कमी होतात हे खरं, पण दर वर्षाला पूर्ण एक वर्ष कमी होत नाही, साठीपासून सत्तरीपर्यंत दहा वर्षं गेली आणि शिल्लक साडेसहाच्या आसपासच घटली.

आता तुमच्या मित्राच्या बोलण्याकडे येते, कारण ते मी दर लग्नाकार्यात ऐकते, आमची आजी ९४ वर्षं जगली, पूर्वीचं खाणंच वेगळं होतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारताचं जन्मावेळचं आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. हे ऐकलं की लोक उलट्या टोकाला जातात, म्हणजे तिशीतच म्हातारे व्हायचे की काय असं विचारतात. परत दहा बाळं घ्या. एक जन्मताच गेलं, पुढची तीन १, २ आणि ४ व्या वर्षी, गोवर, हगवण, ताप, न्युमोनिया. मग २६ व्या वर्षी एक, बाळंतपणात असेल. मग ४०, ४९, ५७. साठीला पोचले दोघेच, ते ६८ आणि ७३ ला गेले. बेरीज ३२०, भागिले १०, बत्तीस. आणि ह्यातही बत्तीसाव्या वर्षी कोणी गेलेलं नाही हे लक्षात घ्या. साठी गाठलेल्या दोघांना मिळून पुढे २१ वर्षं मिळाली, म्हणजे एकेकाला साडेदहा.

म्हणजे ३२ आयुर्मानाच्या काळातही साठीचा माणूस साडेदहा वर्षं जगत होता, आणि आज ७० च्या काळात साधारण १८. मित्राची आजी खरीच ९४ ची असेल, पण आजीच्या पाठची जी भावंडं चार वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचे फोटोसुद्धा नाहीत, त्यांच्या गोष्टी कोण सांगणार. आपल्याला म्हातारी झालेली तेवढीच माणसं आठवतात. तुमच्याही घरात विचारून बघा, आईला किंवा मोठ्या आत्याला विचारा की एकूण किती झाली आणि किती राहिली, जुन्या बायका हे असंच सांगायच्या, आठ झाली पाच राहिली.

मग गेल्या पन्नास वर्षांत नक्की वाढलं काय? १९७० ते ७५ च्या तक्त्यात जन्मावेळचं आयुर्मान ५० च्या जवळ होतं, आता ७०, म्हणजे २० वर्षांची वाढ. त्याच काळात साठीनंतरची शिल्लक १४ च्या जवळपासवरून १८ वर आली, वाढ चार-साडेचार वर्षांची. वीस कुठे आणि चार कुठे. याचं कारण असं की पहिला आकडा मुख्यतः मुलं वाचल्यामुळे वाढतो. १९५१ च्या सुमाराला हजार जन्मांमागे १४६ बाळं वर्षाच्या आत जायची, २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला. लस, मीठसाखरेचं पाणी, अँटिबायोटिक्स, दवाखान्यातली बाळंतपणं, ह्यातून एक बाळ वाचलं की एकदम साठ-सत्तर वर्षं बेरजेत पडतात. सत्तर वर्षांच्या माणसाचं ब्लडप्रेशर ताब्यात आणून त्याला वाचवलं तर बेरजेत पाच-सात वर्षं पडतात, ती त्या घराला सोन्यासारखी असतात पण सरासरीला फारशी हलवत नाहीत. म्हातारपणी माणूस जातो तो हृदयविकार, पक्षाघात, डायबेटीस, कॅन्सर, दमा आणि फुप्फुसाचे जुने आजार अशा गोष्टींनी, आणि ह्यांना एका लशीत संपवता येत नाही.

इथे आणखी एक बारकावा सांगते जो मला स्वतःला पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोनदा हिशेब तपासला होता. आपल्या पहिल्या दहातला तो वीसवाला मुलगा हेल्मेट घालून वाचला आणि पुढे ७५ व्या वर्षी गेला असं धरा. जन्मावेळचं आयुर्मान ७० वरून एकदम ७५.५ होतं. आणि साठीनंतरची शिल्लक? आता नऊ जण साठी ओलांडतात, त्यांची साठीनंतरची बेरीज १४८ अधिक १५ म्हणजे १६३, भागिले ९, आलं १८.१. वाढली नाहीच, साडेअठराच्या खाली आली, कारण नव्याने आलेला माणूस त्या आठांच्या सरासरीपेक्षा थोडा कमी जगला. त्यामुळे पेपरात आयुर्मान वाढल्याची बातमी आली म्हणून साठीच्या माणसाची वर्षं वाढली असं धरू नका, आणि आकडा ७० च दिसतो म्हणून दहाच उरली असंही धरू नका. दोन्ही वेळेला तुम्हाला तक्त्यातली साठीचीच ओळ बघायची आहे.

आता तुमच्या वडिलांचं. घरात लवकर हार्टअटॅकने कोणी गेलं असेल तर ते डॉक्टरला जरूर सांगायचं असतं आणि तुम्ही ते गांभीर्याने घेताय हे चांगलंच आहे. पण वडिलांचं वय हे तुमच्या वयाची मर्यादा नाही. १९८९ मध्ये अटॅक आलेल्या माणसाला जवळच्या शहरात न्यायलाच अर्धा दिवस जायचा, अँजिओप्लास्टी मोठ्या शहरांतल्या मोजक्या दवाखान्यांत व्हायची, कोलेस्ट्रॉलच्या आजच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी पोचल्या नव्हत्या, आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात आली २०१४ मध्ये. ज्या दुखण्याने ते गेले त्या दुखण्यातून आज पुष्कळ लोक चालत घरी येतात. तुमच्या आयुष्यावर वडिलांच्या वयापेक्षा जास्त फरक कशाने पडतो ते सांगते, तुम्ही तंबाखू किंवा सिगारेट घेता का, तुमचं ब्लडप्रेशर आणि साखर किती आहे आणि ती औषधाने आवाक्यात आहे का. हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ह्यातलं काही बिघडलेलं असेल तर तुमची शिल्लक सरासरीपेक्षा कमी असू शकते, सगळं ठीक असेल आणि रोज चालत असाल तर जास्तही असू शकते. तक्ता देशातल्या सगळ्या साठीच्या लोकांचा आहे, त्यात बिडी ओढणारेही आले आणि न ओढणारेही.

आणि एक चूक माझ्या उत्तरातूनही होऊ शकते, ती आधीच सांगून ठेवते. तुम्ही आता ७० खोडून तिथे ७८ लिहाल आणि १८ वर्षांचा हिशेब कराल. तसंही करू नका. आपल्या दहातल्या आठ जणांकडे परत बघा, ७८ च्या पुढे चार जण गेले. निम्मे. ७८ पर्यंतच पैसे पुरवले तर त्या चौघांचे पैसे त्यांच्या आधी संपतात, आणि संपतात तेही अशा वयात जेव्हा परत कामाला लागता येत नाही. सरासरी ही देशाचं नियोजन करणाऱ्यांना उपयोगी, घर चालवणाऱ्याला सरासरीच्या बऱ्याच पुढे बघावं लागतं. मी कोणालाही ९० सांगते. लोक हसतात, पण आपल्या आठातला एक ९१ ला गेला आणि तो तुम्ही नसाल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला तुमच्या पत्रात जास्त खटकलं ते दुसरंच. तुमच्या हिशेबात वहिनी कुठेच नाहीत, त्या फक्त "एवढा खर्च नको" म्हणायला आल्यात. त्या ५५ च्या आहेत. त्या साठीला पोचल्या की तक्त्याप्रमाणे त्यांची पुढची सरासरी १९ वर्षं, म्हणजे ७९ पर्यंत, आणि आजपासून मोजलं तर २४ वर्षं. पैसे तुमच्या एकट्याला पुरायचे नाहीयेत, दोघांपैकी जो शेवटपर्यंत राहील त्याला पुरायचेत. ढोबळ हिशेब बघा. आजपासून १८ वर्षांनी तुम्ही ७८ चे असाल, तुम्ही असण्याची शक्यता साधारण निम्मी. त्या तेव्हा ७३ च्या असतील, त्या असण्याची शक्यता तीनात दोन धरू. दोघंही नसण्याची शक्यता मग निम्म्याची एक-तृतीयांश, सहात एक. म्हणजे सहात पाच वेळा त्या घरात तेव्हा कोणीतरी आहे, आणि बहुतेक वेळा त्या आहेत, कदाचित एकट्या. तुमच्या प्लॅनमध्ये तोवर खात्यात पैसे संपून सात वर्षं झालेली असतील. त्या खर्च नको म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे बहुधा हेच असावं, त्यांनी ते आकड्यात मांडलं नाही एवढंच.

आता पैशांचं बघू. मी ७ टक्के व्याज धरते, टॅक्स बाजूला ठेवते, म्हणजे चित्र नुसतं समजायला सोपं जाईल. ४५ लाखांतून महिन्याला ५० हजार काढले तर साडेदहा वर्षांच्या थोडं पुढे खातं रिकामं. ३५ हजार काढले तर जवळपास २० वर्षं. आणि ३० हजार काढले तर जवळपास ३० वर्षं. म्हणजे ३५ वरून ३० वर येताना फक्त पाच हजार कमी केले पण दहा वर्षं वाढली, कारण ३० हजारांत बराचसा भाग व्याजातूनच येतो आणि मुद्दल हळूहळू झिजते. ५० हजारांत सुरुवातीपासून जवळजवळ निम्मी रक्कम मुद्दलातून जाते.

आणि ते १५ लाख. मुलाला मदत करावीशी वाटणं अगदी साहजिक आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तो निर्णयही तुम्ही १० वर्षं धरूनच घेतलाय म्हणून परत एकदा बघा. पूर्ण ६० लाखांचं ७ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३५ हजार होतं, मुद्दलाला हात न लावता. ४५ लाखांचं होतं सव्वासव्वीस हजार. १५ लाख दिल्याने तुमच्या घरचे महिन्याला पावणेनऊ हजार कायमचे कमी होतात. मुलाला हा आकडा दाखवा, बसून बोला, कदाचित तो पाच लाखांत भागवेल किंवा लोन थोडं वाढवेल, त्याला ३० वर्षं कमवायची आहेत.

महागाई मी अजून धरलेलीच नाही, ती ६ टक्के धरली तर आज ३० हजारांत होणारा खर्च १२ वर्षांनी ६० हजारांना होईल, आणि म्हणून ३० हजारांची ३० वर्षंसुद्धा कागदावर दिसतात तेवढी निवांत नाहीत. तर मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. आधी दोघांचा अगदी मूलभूत महिन्याचा खर्च काढला असता, किराणा, वीज, गॅस, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता, आणि तेवढा भाग अशा ठिकाणाहून आणला असता जिथून पैसे येत राहतात. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम त्यासाठी आहे, पोस्टात किंवा बँकेत, माणशी ३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला हातात येतं. मुदत ५ वर्षांची, नंतर ३-३ वर्षं वाढवता येते, पण ती वाढवायच्या वेळचा दर बघून मगच वाढवा. उरलेल्यातला काही भाग महागाईच्या मागे धावू शकेल अशा ठिकाणी, आणि सहा-आठ महिन्यांचा खर्च साध्या एफडीत.

अ‍ॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मरेपर्यंत पेन्शन घ्यायची, ही गोष्ट नेमकी ह्याच प्रश्नासाठी बनलेली आहे की मी किती जगेन ते मला माहीत नाही. विमा कंपनी हजारो लोकांची वर्षं एकत्र करते, ६३ ला जाणाऱ्याचे पैसे ९१ वाल्याला पुरतात. एजंट आला की घाई करू नका, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, साध्या अ‍ॅन्युइटीत रक्कम वाढत नाही, आज १० हजार तर २० वर्षांनीही १० हजारच, म्हणून सगळे पैसे त्यात घालू नका. दुसरी, वय वाढलं की त्याच पैशात जास्त पेन्शन मिळते, कारण कंपनीही तोच तक्ता बघते आणि ६८ च्या माणसाची उरलेली वर्षं ६० च्या माणसापेक्षा कमी असतात. (अर्थात तेव्हाचे व्याजदर आजच्यापेक्षा खाली असतील तर हा फायदा थोडा खाल्ला जातो.) म्हणून थोडा भाग आत्ता आणि थोडा ६७-६८ ला असं केलेलं मला बरं वाटतं.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, ज्यांची नोकरी ५८ ला संपते किंवा व्हीआरएस घेऊन ५४-५५ ला घरी आलेत त्यांची वर्षं तुमच्यापेक्षाही जास्त आहेत, त्यांनी हेच सगळं अजून लांब धरायचं. आणि दर पाच वर्षांनी हिशेब परत करायचा, ६५ ला, ७० ला, कारण प्रत्येक वेळी तक्त्यातली ओळ बदललेली असते आणि शिल्लक तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडी जास्तच निघते.

अ‍ॅन्युइटी घ्याल तेव्हा फॉर्मवर 'जॉइंट लाइफ' हा पर्याय शोधा आणि त्यात पुढे वहिनींना पेन्शन १०० टक्के मिळणार की ५० टक्के ते बोट ठेवून वाचा. जॉइंटमध्ये तुमची महिन्याची रक्कम थोडी कमी दिसेल, एजंट एकट्याची पेन्शन जास्त दाखवेल, तरी जॉइंटच घ्या. सही करताना त्यांना शेजारी बसवा, खातं कुठलं, पासबुक कुठे, मॅच्युरिटी कधी, हे त्यांच्या हाताने एका वहीत लिहून घ्या. आणि त्या वहीची पानं आखाल तेव्हा शेवटचं पान तुमच्या वयाचं नको, त्या ९० च्या होतील त्या वर्षाचं असू द्या.